बहुतेक जहाजं निसटली, तरी नाकेबंदी यशस्वी झाली!

एप्रिल 1861 मध्ये लिंकनने अमेरिकेच्या दक्षिणेकडील बंडखोर राज्यांच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. दक्षिणेकडे मोठं आरमारच नव्हतं, त्यामुळे निर्णायक सागरी लढाई झालीच नाही.

चोरटी वाहतूक मात्र जोरात होती. राखाडी रंगाच्या, कमी उंचीच्या वेगवान आगबोटी अंधाऱ्या रात्री बहामातल्या नसाऊहून दक्षिणेतल्या विल्मिंग्टन बंदरात पोहोचायच्या. बहुतेक फेऱ्या यशस्वी व्हायच्या. मग नाकेबंदीने साधलं काय?

खरा फटका बसला तो न आलेल्या जहाजांचा. मोठी, संथ मालवाहू जहाजं तिकडे फिरकेनाशी झाली. छोट्या बोटीत बंदुका, औषधं, चैनीच्या वस्तू मावतात; रेल्वेचे रूळ आणि इंजिनं आणणं परवडत नाही. किनाऱ्याने होणारी वाहतूकही थांबली आणि सगळा भार रेल्वेवर आला. रूळ झिजले, तेव्हा फाट्यांवरचे उखडून मुख्य मार्गांवर टाकावे लागले. शेतात धान्य असूनही ते शहरांत आणि सैन्यापर्यंत वेळेवर पोहोचेना.

दक्षिणेच्या कापसाची निर्यात कोसळली, परकीय चलन आटलं, सरकारने नोटा छापल्या आणि महागाई भडकली. इकडे मुंबईच्या कापूस व्यापाऱ्यांची मात्र चांदी झाली. 1865 मध्ये यादवी युद्ध संपताच तो फुगाही फुटला.

निसटलेल्या बोटी मोजून नाकेबंदीचं यश कळत नाही. नेहमीच्या व्यापारातला किती माल येईनासा झाला, ते पाहावं लागतं.