हायड्रोजनची लाल रेघ

हायड्रोजनच्या वर्णपटात लाल, हिरवट निळी, मग जांभळ्या रेषा दिसतात. 1885 मध्ये बाझेलमधल्या योहान बामर या शाळामास्तरांनी त्यांच्या तरंगलांबींचं सूत्र मांडलं. कारण मात्र बोरने 1913 मध्ये सांगितलं.

परीक्षेत लाल रेषेची तरंगलांबी विचारली की अनेक जण तिसऱ्या पातळीची ऊर्जाच सूत्रात घालतात आणि उत्तर 820 नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे अवरक्तात येतं. लाल रेघ डोळ्यांना दिसते, तेव्हा इथेच शंका यायला हवी. प्रकाशाला मिळते ती दोन पातळ्यांमधली तफावत. तिसरी पातळी उणे 1.51 इलेक्ट्रॉन-व्होल्ट, दुसरी उणे 3.40, फरक 1.89. 1240 ला 1.89 ने भागलं की 656 नॅनोमीटर.

चौथीवरून दुसरीवर उडी घेतली तर तफावत 2.55, तरंगलांबी 486. तफावत वाढली की तरंगलांबी घटते. वरच्या पातळ्या मात्र एकमेकींना खेटून असतात, म्हणून पुढच्या रेषा दाटत जाऊन 365 नॅनोमीटरजवळ थांबतात. पहिल्या पातळीवर येणाऱ्या लायमन मालिकेत सर्वांत लहान तफावतच 10.2 इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. त्यामुळे ती मालिका अख्खी अतिनील.