जाळीखालचं पाणी

नव्या बाथरूममध्ये भिंतीलगत लांबट जाळी बसवायची टूम आहे. तिचा फायदा खरा आहे: उतार एकाच दिशेला द्यावा लागतो, त्यामुळे मोठ्या फरशा न कापता बसतात. शॉवरची जागा १२०० मिलिमीटर असेल, तर ८०ला १ या उतारानं जाळीकडची कड १५ मिलिमीटर खाली हवी. हा उतार फरशीखालच्या कोब्यातच काढायचा. फरशीच्या मसाल्यात नव्हे. कारण सांध्यांतून थोडं पाणी खाली झिरपतंच. म्हणून वॉटरप्रूफिंगचा थर उतरत्या कोब्यावर द्यावा आणि जाळीच्या चॅनेलच्या पट्टीवर चढवून घट्ट चिकटवावा. गळती बहुधा याच जोडात सापडते.

ट्रॅपमध्ये ५० मिलिमीटर पाणी उभं राहायला हवं. उथळ ट्रॅपमधलं पाणी आठवडाभराच्या गावी जाण्यातही आटू शकतं आणि गटाराचा वास घरात शिरतो. जुन्या फ्लॅटमध्ये खोली कमी असेल, तर मी सरळ जाळीचा हट्ट सोडेन.

फरशी बसवण्याआधी तोंड बंद करून पाणी भरावं, पातळीवर खूण करावी, २४ तासांनी खालच्या घराचं छत पाहावं.