काडीवरची कुंडली

‘फर्स्ट कॉपी आहे साहेब, ओळखून दाखवा!’ असं गॉगलवाला छातीठोकपणे सांगतो, तेव्हा त्याचं आव्हान खुशाल स्वीकारावं. रे-बॅनचा वेफेरर हा जगात सर्वाधिक नक्कल होणाऱ्या गॉगलांपैकी एक. पण नक्कल करणारा अक्षरं उतरवतो आणि त्या अक्षरांचं एकमेकांशी असलेलं नातं उतरवायला विसरतो. आपण नेमकं तेच पकडायचं.

आधी काडी उघडा आणि तिची आतली बाजू उजेडात धरा. अस्सल वेफेररवर साधारण असा मजकूर दिसतो: RB2140 901 50□22 150 3N. बहुतेक लोक एवढं पाहूनच ‘नंबर आहे, म्हणजे ओरिजिनल’ म्हणून खूश होतात. नंबर तर नकलीवरही असतो! खरी मजा तो वाचण्यात आहे.

पहिला आकडा मॉडेलचा. 2140 म्हणजे मूळ वेफेरर. पुढचा 901 हा रंगाचा: चकचकीत काळी फ्रेम आणि हिरवट काच. तपकिरी ठिपक्यांच्या, कासवाच्या पाठीसारख्या फ्रेमचा आकडा 902. आता हातातला गॉगल तपकिरी असेल आणि काडीवर 901 असेल, तर पुढचं काही तपासायची गरजच उरत नाही. नकली कारखान्यात एकच मजकूर सगळ्या रंगांच्या काड्यांवर मारून मोकळे होतात, म्हणून ही चूक वारंवार सापडते.

50□22 150 म्हणजे मापं, तीही मिलिमीटरमध्ये. काचेभोवती चौकट आखली तर तिची रुंदी 50, दोन काचांमधलं नाकावरचं अंतर 22 आणि काडीची लांबी 150. मधला तो चिमुकला चौकोन म्हणजे त्याच चौकटीची खूण. मापाची ही पद्धत तुमच्या नंबरच्या चष्म्यालाही लागू आहे. आत्ता काढून बघा, काडीच्या आत आकडे सापडतील. मुलांच्या कंपासपेटीतली पट्टी घ्या आणि मोजा. हाच वेफेरर 54□18 या मोठ्या मापातही येतो. म्हणजे फ्रेम मोठी आणि आकडा लहान, अशी जोडी दिसली की दुकानदाराकडे पाहून गालात हसावं.

शेवटचा 3N सर्वांत बोलका. तीन म्हणजे काचेच्या गडदपणाची श्रेणी. श्रेणी 0 ते 4 असतात; तिसरीतली काच 8 ते 18 टक्के प्रकाश आत सोडते. वेफेररची नेहमीची हिरवट काच जी-15 नावाने ओळखली जाते आणि ती साधारण 15 टक्के प्रकाश सोडते, म्हणून तिथे तीनच हवा. चौथ्या श्रेणीची काच इतकी गडद की ती लावून गाडी चालवू नये, असा नियमच आहे. पोलराइज्ड काचेसाठी 3P लिहितात. ते खरं की खोटं, हे दहा सेकंदांत कळतं: गॉगल लॅपटॉपच्या किंवा मोबाइलच्या चालू स्क्रीनपुढे धरून हळूहळू फिरवा. काच पोलराइज्ड असेल तर बहुतेक स्क्रीन एका कोनात एकदम काळपट होते. दोन-तीन वेगवेगळ्या स्क्रीनवर काही नाहीच झालं तर तो P नुसता शोभेचा.

आता काचेकडे वळू. एका काचेच्या कडेला, बिजागरीजवळ, अगदी बारीक ‘आरबी’ कोरलेलं असतं. काच तिरकी करून उजेड पकडल्याशिवाय ते दिसतही नाही. नखाने हलकेच घासा. कोरीव अक्षर तसंच राहतं, छापलेलं मात्र फिकं पडतं किंवा सुटतं. शिवाय नकलीवर ते हमखास मोठं, जाड आणि लांबूनही वाचता येईल असं असतं, कारण ग्राहकाला ते दिसावं हीच तर नक्कल करणाऱ्याची इच्छा! समोरच्या दुसऱ्या काचेवरचा पांढरा लोगो ही वेगळी गोष्ट. तो छापीलच असतो, त्याला नखाची परीक्षा लावू नका.

इथे जुन्या गॉगलांची एक गंमत सांगायलाच हवी. हा ब्रँड मूळ अमेरिकेचा, बाउश अँड लॉम्ब कंपनीचा, 1937 पासूनचा. वेफेरर आला 1952 मध्ये. 1999 मध्ये इटलीच्या लक्झोटिका कंपनीने ब्रँड विकत घेतला. त्यामुळे अमेरिकी जमान्यातल्या काचांवर ‘बीएल’ कोरलेलं असतं, इटालियन जमान्यातल्यांवर ‘आरबी’. ‘आजोबांनी 1985 मध्ये अमेरिकेहून आणलेला’ म्हणून कोणी गॉगल विकत असेल आणि त्यावर ‘आरबी’ असेल, तर एकतर काच बदललेली आहे किंवा आजोबा काल्पनिक आहेत. मालकी बदलली त्या काळातले काही नग सरमिसळ असतात, हे मात्र लक्षात ठेवा.

दुसरा गैरसमज देशाचा. ‘मेड इन इटली’ नसेल तर नकली, असं अनेकजण ठासून सांगतात. हे चूक आहे. कंपनीचे कारखाने चीनमध्येही आहेत आणि आपल्या राजस्थानातल्या भिवाडीतही. उलट नकलीवर हमखास इटलीच लिहिलेलं सापडतं. ‘सीई’ या खुणेवरही फार विसंबू नका. ती अक्षरं छापायला कोणाची परवानगी आडवी येत नाही.

राहिली बिजागरी, आणि माझं मत विचाराल तर सगळ्यात आधी हीच पाहावी. मूळ वेफेररच्या बिजागरीत सात धातूच्या कड्या असतात, एका बाजूच्या चार आणि दुसऱ्या बाजूच्या तीन, एकमेकींत दातांसारख्या गुंफलेल्या. काडी उघडताना हलका, एकसारखा विरोध जाणवतो आणि दोन्ही काड्या सारख्याच घट्ट असतात. स्वस्त नकलीत कड्या कमी असतात किंवा बिजागरी प्लास्टिकवर नुसती चिकटवलेली असते. काडी सैल डुलते आणि थोड्या दिवसांत बाहेरच्या बाजूला कलते. अक्षरं कोरायला लेझर स्वस्तात मिळतो, पण घट्ट बसणारी बिजागरी बनवायला खर्च येतो, म्हणून नकलीची काटकसर सर्वांत आधी तिथेच दिसते. याच वेळी काडीच्या कडेवरून बोट फिरवा. मूळ फ्रेम ॲसिटेटच्या शीटमधून कापून घासून गुळगुळीत केलेली असते. साच्यात ओतलेल्या स्वस्त फ्रेमच्या कडेला बारीक शिवण हाताला लागते.

पण थांबा, ही सातची कसोटी मूळ वेफेररपुरतीच आहे. याच ब्रँडचं ‘जस्टिन’ हे मॉडेल साच्यातलंच, वजनाला हलकं, आणि तरीही अस्सल. धातूच्या एव्हिएटरचीही बिजागरी वेगळी. तिथे नाकावरच्या पॅडमधल्या इवल्याशा पत्रीवर ‘आरबी’ दिसतं का ते पाहावं. उत्तम दर्जाची नक्कल तर यातल्या बहुतेक परीक्षा पास होते, म्हणून एका खुणेवर ‘अस्सल’ असा निकाल देऊ नका. किमान तीन जुळायला हव्यात.

डोळ्यांचा प्रश्न याहून वेगळा आहे. नकली गॉगल अतिनील किरणं अडवतच नाही, असं नाही. काही प्लास्टिक मुळातच ती अडवतात. पण गडद काचेमागे बाहुली मोठी होते, आणि काच किरणं अडवत नसेल तर ती जास्त आत जातात. चांगल्या चष्म्याच्या दुकानात यासाठी छोटं यंत्र असतं, काही सेकंदांत निकाल देतं.

आणि जुना गॉगल ऑनलाइन घेत असाल, तर विकणाऱ्याकडून तीन फोटो मागवा: काडीची आतली बाजू, उघडलेली बिजागरी, आणि तिरक्या उजेडात काचेची कड. तो पुन्हा पुन्हा समोरूनच काढलेला फोटो पाठवत असेल, तर व्यवहार तिथेच सोडून द्या.