दहा मिनिटांत एकच कौशल्य

बी.एड.च्या प्रात्यक्षिक परीक्षेत सूक्ष्मपाठ बहुधा एकाच कारणाने फसतो: विद्यार्थी-शिक्षक अख्खा पाठ दहा मिनिटांत कोंबू पाहतो. सूक्ष्म अध्यापन 1963च्या सुमारास अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरू झाले, तेच मुळी अध्यापनाचे एकेक कौशल्य सुटे करून सरावता यावे म्हणून. त्यामुळे टाचण काढताना आधी कौशल्य ठरवावे आणि मग त्याला पेलेल इतकाच आशय घ्यावा.

‘उदाहरणांसह स्पष्टीकरण’ हे कौशल्य घेऊ. साधी, समर्पक, रंजक उदाहरणे देणे, ती योग्य माध्यमातून मांडणे, उदाहरणांवरून नियमाकडे नेणे आणि मग विद्यार्थ्यांकडून नवी उदाहरणे काढून घेणे हे त्याचे घटक. आशय म्हणून संपूर्ण ‘बाष्पीभवन’ नको. ‘पृष्ठभाग वाढला की बाष्पीभवन वेगाने होते’ एवढे एकच विधान पुरे.

पहिल्या मिनिटात प्रश्न: पसरून वाळत घातलेली साडी आधी वाळेल की घडी घातलेली? एखादा म्हणेल, ‘पसरलेली, तिला ऊन जास्त लागतं.’ हे उत्तर येणारच, म्हणून पुढचा प्रश्न टाचणातच लिहून ठेवावा: ‘दोन्ही सावलीत असल्या तर?’ पुढची तीन मिनिटे प्रयोगाला. पाटीवर स्पिरिटचे दोन सारखे थेंब टाकावेत. एक तसाच ठेवावा, दुसरा काडीने पसरावा. पसरलेला आधी उडून जातो. पाणी घेतले तर वाट पाहण्यातच वेळ जाईल. प्रयोग आदल्या दिवशी घड्याळ लावून करून पाहावा. त्यानंतर दोन मिनिटे मिठागराचे चित्र: समुद्राचे पाणी उथळ, पसरट वाफ्यांत का घेतात?

आता नियम विद्यार्थ्यांच्या तोंडून यावा आणि तेव्हाच फळ्यावर लिहावा. त्याला एक मिनिट. उरलेल्या तीन मिनिटांपैकी दोन विद्यार्थ्यांच्या उदाहरणांना आणि शेवटचे मूल्यमापनाच्या एका प्रश्नाला.

उदाहरण निवडताना एक चाळणी लावावी. बशीत ओतलेला चहा लवकर निवतो, हे उदाहरण चटकन सुचते. पण त्यात चहा थंड होण्याचा मुद्दा येतो आणि वर्ग उष्णतेकडे वळतो. विधानाबाहेरची दुसरी संकल्पना ओढून आणणारे उदाहरण कितीही ओळखीचे असले तरी गाळावे.

टाचणात शिक्षक कृती, विद्यार्थी कृती आणि कौशल्याचा घटक असे तीन रकाने आखावेत. निरीक्षक प्रत्येक घटक किती वेळा दिसला याच्या खुणा करतो, म्हणून तिसरा रकाना आपणच आधी तपासावा. तिथे ‘नियम सांगणे’ सगळ्यात वर आले असेल, तर ते व्याख्यान झाले. क्रम उलटा करावा. विद्यार्थी कृतीत ‘ऐकतात’ हाच शब्द पुनःपुन्हा दिसला, तर तिथे प्रश्न घालावा. ‘समजलं का?’ हा मात्र त्यात धरू नये. त्याला वर्ग ‘हो’च म्हणतो.