अवशेषांचे दर्शन : सरल समाश्रयणातील एक आवश्यक परीक्षा

आयुर्वेदाच्या स्नातकोत्तर अभ्यासक्रमात संशोधनपद्धती व वैद्यकीय सांख्यिकी यांचा समावेश आहे. त्यामुळे प्रबंधांच्या निष्कर्ष-प्रकरणांत पुढील धर्तीचे वाक्य वरचेवर वाचावयास मिळते : ‘दोन चलांमध्ये रेषीय संबंध आढळला; आर-वर्गाचे मूल्य ०.६७ आले.’ तेवढ्यावर गणित संपते आणि चर्चा सुरू होते. असे वाक्य वाचले की आम्हांस प्रश्न पडतो, की ही संख्या कोणत्या आकृतीतून आली? कारण ०.६७ या एकाच संख्येमागे चार सर्वस्वी भिन्न चित्रे असू शकतात, आणि त्यांपैकी एकाच चित्राच्या आधारे त्या रेषेवर विसंबता येते. प्रस्तुत लेखात ही चार चित्रे वाचकांपुढे मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

प्रथम परिभाषा स्पष्ट करू. एका चलाच्या, म्हणजे ‘क्ष’च्या मूल्यावरून दुसऱ्या चलाचे, म्हणजे ‘य’चे सरासरी मूल्य सांगणारी सरळ रेषा काढणे म्हणजे सरल समाश्रयण, इंग्रजीत यास रिग्रेशन म्हणतात. प्रत्यक्ष मोजलेल्या ‘य’मधून रेषेने वर्तविलेला ‘य’ वजा केला असता जे उरते तो अवशेष. बिंदू रेषेच्या वर असेल तर अवशेष धन, खाली असेल तर ऋण. सर्व अवशेषांच्या वर्गांची बेरीज जिच्यामुळे लहानात लहान होते, ती रेषा संगणक निवडतो. अशा रेषेच्या अवशेषांची बेरीज नेहमीच शून्य येते. यास्तव ‘अवशेषांची सरासरी शून्य आली’ हे रेषा योग्य असल्याचे प्रमाण होऊ शकत नाही.

चार संच, एक रेषा

सन १९७३ मध्ये फ्रान्सिस अँस्कोम या संख्याशास्त्रज्ञाने ‘द अमेरिकन स्टॅटिस्टिशियन’ या नियतकालिकातील आपल्या लेखात आकड्यांचे चार कल्पित संच दिले. प्रत्येक संचात अकरा जोड्या आहेत. चारही संचांत क्षची सरासरी ९, यची सरासरी ७.५० आणि समाश्रयणाची रेषा एकच :

य = ३ + ०.५ क्ष

आर-वर्गही चोहींकडे ०.६७. केवळ हे आकडे छापले तर चार संशोधकांचे निष्कर्ष अक्षरशः सारखे दिसतील. अवशेष काढल्यावर मात्र भेद उघड होतो.

पहिल्या संचात क्ष ४ पासून १४ पर्यंत चढता घेतला असता अवशेष असे येतात : −०.७४, ०.१८, १.२४, −१.६८, −०.०५, १.३१, ०.०४, −०.१७, १.८४, −१.९२, −०.०४. यांत धन-ऋणांचा कोणताही क्रम लागत नाही. आडव्या अक्षावर क्ष व उभ्या अक्षावर अवशेष घेऊन बिंदू मांडले, तर ते शून्याच्या रेषेभोवती विखुरलेले दिसतात. चांगल्या अवशेष-आलेखात पाहण्यासारखे काहीच नसते. रेषेने सांगण्याजोगे ते सर्व सांगून झाले आणि उरला तो केवळ अनियमित चढउतार, असा त्याचा अर्थ.

आता दुसरा संच पाहा. याच क्रमाने अवशेष : −१.९०, −०.७६, ०.१३, ०.७६, १.१४, १.२७, १.१४, ०.७६, ०.१३, −०.७६, −१.९०. दोन्ही टोकांना ऋण, मध्ये धन. उताण्या नव्हे तर पालथ्या वाटीसारखी ही कमान आहे. मूळ संबंध सरळ नसून वक्र आहे, हे ती सांगते. समजा, क्ष ही औषधाची मात्रा आहे आणि य हा मोजलेला गुण. प्रत्यक्ष आकड्यांत गुण ११ या मात्रेपर्यंत वाढून ९.२६ होतो आणि पुढे उतरत १४ ला ८.१० वर येतो. रेषा मात्र १४ ला १० हा गुण वर्तविते आणि मात्रा आणखी वाढवा असे सुचविते. आर-वर्ग ०.६७ पाहून समाधान मानणारा चिकित्सक येथे नेमक्या उलट दिशेने जाईल.

तिसऱ्या संचात अकरापैकी दहा बिंदू जवळजवळ तंतोतंत एका रेषेवर आहेत. केवळ क्ष १३ असताना य १२.७४ आहे. त्या एका बिंदूचा अवशेष ३.२४ असून त्याने संपूर्ण रेषा आपल्याकडे ओढली आहे. म्हणून उरलेल्यांचे अवशेषही एका तिरक्या ओळीत उतरत जातात : क्ष ४ ला ०.३९, तर १४ ला −१.१६. तो बिंदू वगळल्यास रेषेचा चढ ०.५ ऐवजी सुमारे ०.३५ होतो. अशा वेळी बिंदू खोडून टाकणे हा उपाय नव्हे. प्रथम मूळ नोंद उघडावी : लिहिताना अंक उलटला काय, त्या दिवशी मापनयंत्र निराळे होते काय, तो रुग्ण इतरांहून भिन्न होता काय? कारण सापडले नाही, तर बिंदूसह व बिंदूविरहित असे दोन्ही निष्कर्ष द्यावेत.

चौथा संच सर्वांत फसवा. येथे दहा जोड्यांत क्ष ८ च आहे. एकाच जोडीत तो १९ असून त्याचा य १२.५० आहे. रेषा १९ ला ३ + ९.५, म्हणजे १२.५० च वर्तविते. अर्थात त्या बिंदूचा अवशेष शून्य! रेषेचा संपूर्ण चढ या एका बिंदूवर टांगलेला आहे. तो काढला तर क्ष बदलतच नसल्याने चढ काढताच येत नाही. तरीही अवशेष पाहता तो बिंदू सर्वांत निर्दोष ठरतो, कारण दूर एकटा असलेला बिंदू रेषेला स्वतःतूनच जावयास लावतो. म्हणून केवळ मोठे अवशेष शोधून भागत नाही. क्षच्या अक्षावर एकाकी उभा असलेला बिंदू कोणता, हेही पाहावे लागते.

गृहीतके कोणाविषयी?

या पद्धतीची गृहीतके पाठ्यपुस्तकात चार दिलेली असतात : संबंध रेषीय असावा, दोष परस्परांपासून स्वतंत्र असावेत, त्यांचा विस्तार सर्वत्र समान असावा, आणि त्यांचे वितरण प्रसामान्य असावे. येथे दोष म्हणजे सरासरी खऱ्या संबंधापासून प्रत्येक मोजमापाचे विचलन. आपल्या हाती येणारा अवशेष हा त्याचा अंदाज. अनेक विद्यार्थी क्ष व य यांचेच वितरण प्रसामान्य आहे की नाही हे तपासतात. तशी अट नाही. अट दोषांविषयी आहे. शिवाय चौघांत हीच अट सर्वांत सौम्य. नमुना लहान असता विश्वासांतर व पी-मूल्य यांवर तिचा परिणाम होतो. रेषीयता मोडली तर मात्र रेषाच अर्थहीन होते.

समान विस्तार मोडल्याची खूण नरसाळ्यासारखी असते : डावीकडे अवशेष शून्याला चिकटून, उजवीकडे दूरदूर पसरलेले. मोठ्या मापांत चढउतारही मोठे असतील तर असे घडते. रेषा यामुळे एका बाजूस कलत नाही. परंतु तिच्यासोबत छापलेली प्रमाण त्रुटी विश्वसनीय राहत नाही. यचा लॉगॅरिथम घेऊन पुन्हा रेषा काढल्यास हे नरसाळे पुष्कळदा नाहीसे होते.

स्वातंत्र्याची अट मात्र क्ष व अवशेष यांच्या आलेखात बहुधा दिसतच नाही. ती अभ्यासाच्या रचनेत शोधावी लागते. अकरा रुग्णांची तीन भेटींत मोजमापे घेतली तर बिंदू तेहतीस होतात; पण ती तेहतीस स्वतंत्र निरीक्षणे नव्हेत. एकाच रुग्णाचे तिन्ही अवशेष बहुधा एकाच बाजूस पडतात, आणि तेहतीस हा आकडा धरून काढलेले पी-मूल्य वास्तवाहून लहान येते. येथे सरल समाश्रयण सोडून पुनरावृत्त मोजमापांची पद्धती योजावी लागते.

आलेख काढताना एक चूक हमखास घडते. आडव्या अक्षावर क्ष किंवा वर्तविलेला य घ्यावा. मोजलेला य घेऊ नये. मोजलेल्या यमध्ये अवशेष स्वतःच मिसळलेला असल्याने रेषा कितीही योग्य असली तरी आलेखात चढती ओळ दिसते. आर-वर्ग ०.६७ असता हा खोटा सहसंबंध सुमारे ०.५७ भरतो, आणि नसलेला दोष दिसू लागतो.

आर-वर्ग काय सांगतो?

संगणकाच्या पडद्यावर R² म्हणून दिसणारी ही संख्या म्हणजे यच्या एकूण चढउतारापैकी रेषेच्या वाट्यास आलेला अंश. अँस्कोमच्या संचांत सरासरीपासून यच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज सुमारे ४१.२५ असून तीपैकी १३.७५ अवशेषांत उरते, उर्वरित २७.५० रेषेचे. २७.५० भागिले ४१.२५ म्हणजे ०.६७.

आता समजा, पहिल्या संचाच्या संशोधकाने क्षचा पल्ला निम्मा ठेवला. रेषेचा चढ तोच आणि अवशेषांचा विस्तारही तोच. रेषेचा वाटा एक-चतुर्थांश, म्हणजे सुमारे ६.८८ होईल, आणि आर-वर्ग ०.३३ वर येईल. पल्ला दुप्पट केला तर हीच संख्या ०.८९ होईल. निसर्गातील संबंध तिळमात्र बदलला नाही. बदलली ती रुग्णांची निवड. त्यामुळे दोन प्रबंधांतील आर-वर्ग शेजारी ठेवून ‘येथे संबंध अधिक बळकट’ असे म्हणण्यापूर्वी क्षचा पल्ला पाहणे क्रमप्राप्त आहे. रेषीयतेविषयी तर ही संख्या मूकच आहे. दुसऱ्या संचाने ते दाखविलेच.

रुग्णपरीक्षेत दर्शन प्रथम येते, हे वैद्यांस सांगावयास नको. प्रबंध-मार्गदर्शकांस आमची विनंती एवढीच, की समीकरण व आर-वर्ग यांच्याआधी मूळ बिंदूंचा आलेख आणि त्याशेजारी अवशेषांचा आलेख छापण्याचा आग्रह धरावा. अकरा रुग्णांच्या अभ्यासास त्यासाठी अर्धे पान पुरते, आणि चारपैकी कोणत्या संचावर आपण उभे आहोत हे वाचकास स्वतः पाहता येते.