दीडशे कोटींच्या प्रकल्पात तुमचा स्लॅब कोणता?

‘मी १५० कोटींच्या प्रकल्पावर काम केलं आहे.’ साइट इंजिनिअरच्या नोकरीसाठी येणाऱ्या अर्जांमध्ये हे वाक्य हमखास असतं. त्या प्रकल्पावर रात्रपाळीचा वॉचमनही काम करत होता, त्यामुळे वाक्य खोटं नाही. पण प्रोजेक्ट मॅनेजरला त्यातून काहीच कळत नाही. त्याला जाणून घ्यायचं असतं, की या माणसाच्या हातात नेमकं काय होतं आणि ते कसं पुढे सरकलं.

बायोडेटाबरोबर एक पानी पत्र पाठवायचं असतं ते त्यासाठीच. अर्जाची पत्रं इंग्रजीत जातात. आपण नमुन्यादाखल एक मराठीत रचून पाहू. समजा, सहा वर्षांचा अनुभव असलेली एक सिव्हिल इंजिनिअर पुण्यातल्या एका टॉवरच्या साइटसाठी अर्ज करते आहे. तिचा पहिला परिच्छेद असा:

‘२२ मजली निवासी इमारतीत १२ ते २२ या मजल्यांचं आरसीसी काम मी पाहत होते. एक स्लॅब सुमारे ६२० चौरस मीटरचा, बीम धरून साधारण १४० घनमीटर काँक्रीट. सुरुवातीला दोन स्लॅबमध्ये १४ दिवस जायचे, शेवटच्या सहा मजल्यांना १० लागले. शटरिंगचे दोन सेट होते.’

यात कोटींचा उल्लेख नाही, तरी कामाचा आवाका डोळ्यांसमोर उभा राहतो. १४० घनमीटर म्हणजे सहा घनमीटरचा एक ट्रान्झिट मिक्सर धरला तर चोवीस गाड्या. त्या शहराच्या वाहतुकीतून एकामागून एक यायला हव्यात, पंप बंद पडता कामा नये आणि भराई मध्येच थांबली तर सांधा कुठे सोडायचा हे आधी ठरलेलं हवं. ज्याने अशा भराया उभं राहून करून घेतल्या आहेत त्याला दिवसाच्या गडबडीची कल्पना असते, हे वाचणाऱ्याला न सांगता कळतं.

शेवटचं छोटं वाक्य मात्र मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ‘दहा दिवसांत स्लॅब’ असं कुणी लिहिलं की जुन्या माणसाच्या मनात लगेच शंका येते: टेकू लवकर काढले असतील का? आयएस ४५६ या भारतीय मानकानुसार साडेचार मीटरपेक्षा मोठ्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू साधारणपणे १४ दिवस ठेवायचे असतात. आता हिशेब करून पाहा. वरचा स्लॅब पडतो तेव्हा खालच्याला १० दिवस झालेले असतात, म्हणजे त्याचे टेकू जागेवरच हवेत. आणखी चार दिवसांनी ते सुटतात आणि पुढच्या मजल्याला जातात. उरलेल्या सहा दिवसांत शटरिंग, सळई, वायरिंगचे पाइप आणि तपासणी. दोन सेट असतील तर हे जमतं, पण घासून. शिवाय सहा मीटरपेक्षा लांब बीमखालचे टेकू २१ दिवस राहतात, त्यासाठी वेगळे टेकू लागतात. हे तिने पत्रात लिहायची गरज नाही. मुलाखतीत विचारल्यावर सांगता आलं म्हणजे झालं.

सुरक्षेबद्दल बहुतेक जण ‘एकही अपघात नाही’ असं लिहून मोकळे होतात. मला ते वाचून बरं वाटण्याऐवजी धास्तीच वाटते. अपघात नोंदवलाच नाही की झालाच नाही, हे त्यावरून ठरत नाही. आपली इंजिनिअर दुसरं काहीतरी सांगते:

‘प्लंबिंगच्या डक्टवर प्लायचं झाकण असे. पाइप नेताना प्लंबरची माणसं ते उचलत आणि परत ठेवत नसत. एकदा उघड्या डक्टच्या कडेला मजुराचा पाय घसरला. शेजारच्याने दंड धरला म्हणून तो वाचला. पुढच्या स्लॅबपासून डक्टमधून सळयांची जाळी सलग नेली. पाइप टाकायच्या दिवशी, माझी सही असलेल्या परमिटवरच ती कापायची, असं ठरवलं.’

डक्ट म्हणजे पाइप वरखाली नेण्यासाठी प्रत्येक मजल्यावर सोडलेली चौकोनी पोकळी. उंच इमारतीत ती विहिरीसारखीच असते, आणि तिच्यावर ठेवलेला सुटा प्लाय हा तर आणखी वाईट, कारण पाय ठेवेपर्यंत तो पक्का वाटतो. सूचना देऊन, दंड करून झाकणं जागेवर राहत नाहीत. जाळी मात्र कुणाला सहज उचलता येत नाही. थोडी सळई जास्त लागते, कापायला ग्राइंडर आणि माणूस लागतो, आणि प्लंबर कुरकुरतो. हा खर्च तिने वरिष्ठांकडून मंजूर करून घेतला असणार, म्हणजे बोलायची तयारी आहे. शिवाय कुणालाही इजा न झालेली घटना तिने नोंदवली. साइटवर अशा घटना साधारणपणे चहाच्या टपरीवर सांगितल्या जातात आणि तिथेच विरतात.

पण जाळी कापायची कधी, हा प्रश्न लगेच ठेकेदारांपर्यंत नेतो. स्लॅबच्या आठवड्यात शटरिंगची गँग, सळई बांधणारे फिटर, इलेक्ट्रिशियन आणि प्लंबर एकाच ६२० चौरस मीटरवर असतात. खालची सळई बांधली की इलेक्ट्रिशियनने पाइप आणि फॅन बॉक्स टाकायचे, मग वरची सळई. तो अर्धा दिवस उशिरा आला तर फिटर वरची सळई बांधून मोकळा होतो आणि मग पाइप सळया वाकवून आत कोंबले जातात. चार-पाच पाइपांची मोळी एकाच ठिकाणी कॉलमजवळ जमते, तिथे काँक्रीट नीट शिरत नाही. शटरिंग उघडल्यावर ती जागा मधमाश्यांच्या पोळ्यासारखी दिसते. प्लंबरची स्लीव्ह विसरली तर तीच गोष्ट पुढे कोअर मशीनने बीम भोसकण्यापर्यंत जाते.

तिचा तिसरा परिच्छेद एवढाच आहे: ‘चारही ठेकेदारांच्या सह्या असल्याशिवाय पोअर कार्ड पुढे जायचं नाही. दर महिन्याच्या २५ तारखेपर्यंत ठेकेदारासोबत मोजमाप करून बिल पाठवत होते.’

पोअर कार्ड म्हणजे भराईची परवानगी देणारा कागद. त्यावर प्रत्येकाची सही लागली, की कुणीही ‘मला सांगितलं नाही’ म्हणू शकत नाही. दुसरं वाक्य वरवर हिशेबाचं वाटतं, पण समन्वयाचा सगळा जोर त्यातच आहे. शटरिंगवाल्याचा दर चौरस फुटावर आणि फिटरचा दर टनावर असतो. दुसऱ्याच्या उशिराने त्याची माणसं बसून राहिली तर नुकसान त्याचं. त्यात बिल अडकलं तर मुकादम एक दिवस फोन उचलत नाही आणि गँग दुसऱ्या साइटवर दिसते. मोजमाप वेळेवर करणाऱ्या इंजिनिअरचं ऐकायला ठेकेदार तयार असतो. नुसतं ओरडणाऱ्याचं ऐकत नाही. छटपूजा, ईद किंवा गव्हाच्या कापणीला माणसं गावी जाणार असतील तर तारीखही तो आधी त्यालाच सांगतो.

पत्रात काय नसावं, हे थोडक्यात: मेहनती, प्रामाणिक, टीममध्ये मिसळणारा वगैरे विशेषणं, ‘आदरणीय महोदय, आपल्या नामांकित कंपनीत’ ही प्रस्तावना, आणि ऑटोकॅड-एमएस प्रोजेक्टची यादी, कारण ती बायोडेटात असतेच. आधीच्या कंपनीबद्दल तक्रारही नको.

आणि एक मर्यादा: पत्र कुणीही कुणाकडूनही लिहून घेऊ शकतं. म्हणून मुलाखत घेणारा यातल्याच एका ओळीवर बोट ठेवतो. दहा दिवसांच्या चक्रात कोणत्या मजल्यावर अडचण आली? एखाद्या मजल्याचे सात दिवसांचे क्यूब कमी आले होते का, तेव्हा टेकूंचं काय केलं? जाळी पहिल्यांदा परमिटशिवाय कुणी कापली? ज्याने काम केलं आहे, त्याला मजला आठवतो, ठेकेदाराचं नाव आठवतं, बहुधा तेव्हा झालेली वादावादीही आठवते. इतरांचं उत्तर ‘सर, सगळं प्रोसीजरप्रमाणे होतं’ असं येतं.