नमुन्याच्या सावलीत परीक्षक

भाषा-मॉडेलने दिलेली उत्तरे तपासायला आता दुसरे मॉडेल नेमतात. त्याला सूचनांसोबत तीन-चार सोडवलेले नमुने देतात: प्रश्न, उत्तर, शेरा, निकाल. निकष समजावण्याचा हा सोपा मार्ग, पण परीक्षक निकषाऐवजी नमुनाच गिरवू लागतो.

समजा, ग्राहकांच्या तक्रारींना दिलेली उत्तरे तपासायची आहेत. नमुने तीन, शेवटचे दोन नापास आणि दोन्हींत शेरा एकच, ‘परताव्याची मुदत सांगितलेली नाही’. मग पत्ता बदलण्याविषयीच्या नेमक्या उत्तरावरही तोच शेरा उमटतो आणि ते नापास होते. तिथे परताव्याचा संबंधच नव्हता! शेरा वाचताना मुद्देसूद वाटतो, म्हणून चूक सहज निसटते. मला हाच यातला खरा धोका वाटतो.

जीपीटी-३ वरच्या 2021 च्या एका संशोधनात दिसले, की मॉडेल नमुन्यांत जास्त वेळा आलेल्या, तसेच शेवटी आलेल्या निकालाकडे झुकते. तिथली युक्ती इथेही वापरून पाहता येते. उत्तराच्या जागी ‘N/A’ एवढेच घालून निकालांच्या शक्यता पाहायच्या. मजकूरच नसताना त्या एका बाजूला कलल्या, तर तो कल नमुन्यांतून, सूचनांतून किंवा मॉडेलमधूनच आलेला असू शकतो. नमुन्यांचा क्रम उलटून तीच उत्तरे पुन्हा तपासावीत; बदललेले निकाल माणसाने वाचावेत.

पास-नापास नमुने सारखे ठेवले, त्यांचे विषय व शेरे वेगवेगळे लिहिले, की नक्कल कमी होते. पूर्ण थांबत मात्र नाही.